पहाटे साडेतीनची धडधड : मन शांत करण्यासाठी घेतलेले मद्य आणि सिगारेट उलटतात का?

रात्रप्रहर

गेले दीड वर्ष मी रोज रात्री दोन पेग व्हिस्की घेते आणि दिवसभरात दहा-बारा सिगारेटी ओढते. यातले काहीही मी मौजेसाठी करत नाही. माझ्या कामात आठवड्यातून दोनदा वरिष्ठांपुढे उभे राहून आकडे मांडावे लागतात आणि आदल्या संध्याकाळपासूनच माझ्या पोटात गोळा येतो. पहिला पेग घेतल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत खांदे सैल पडतात, उद्याचा विचार लांब जातो आणि अकरा-साडेअकराला पाठ टेकताक्षणी झोप लागते. सुरुवात फक्त बैठकीच्या आदल्या रात्रीपुरती होती. आता बैठक असो वा नसो, रात्र त्याशिवाय जात नाही.

प्रश्न पहाटेचा आहे. साडेतीनच्या सुमारास मी खाडकन जागी होते. छातीत धडधडत असते, तळहात ओले असतात आणि काहीतरी भयंकर चुकले आहे अशी खात्री वाटत असते, पण काय चुकले ते सांगता येत नाही. मग गॅलरीत जाऊन एक सिगारेट ओढते, तेव्हा पाच मिनिटांत जरा बरे वाटते. त्यानंतर झोप येत नाही आणि दुसरा दिवस आदल्या दिवसापेक्षा अधिक घाबरा जातो.

आजवर मी असे समजत होते की माझी चिंता वाढत चालली आहे आणि म्हणून मला पेग आणि सिगारेट अधिक लागतात. गेल्या महिन्यात एका प्रवासात चार दिवस मद्य मिळाले नाही. पहिल्या दोन रात्री वाईट गेल्या, पण चौथ्या पहाटे मी साडेपाचपर्यंत सलग झोपले. तेव्हापासून मनात शंका आहे की मी कारण आणि परिणाम उलटे धरले आहेत का? ज्यांना यातले कळते किंवा ज्यांनी हे अनुभवले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

काळजीवाहू

ताई, रात्री मद्य घेतल्यावर पहाटे जाग येणे ही पाणी कमी पडल्याची खूण आहे. झोपण्यापूर्वी दोन मोठे पेले पाणी प्यावे, पोट रिकामे ठेवू नये आणि चांगल्या प्रतीचे मद्य घ्यावे, म्हणजे सकाळी डोके जड होत नाही. आमच्या घरी पाहुणे आले की मी सर्वांना हेच सांगतो आणि कोणाला त्रास झालेला नाही.

स्पष्टवक्ता

काळजीवाहू, प्रश्न डोके जड होण्याचा नसून पहाटेच्या भीतीचा आहे. पाणी पिऊन ती जाणार नाही.

रात्रप्रहर, तुमची शंका निम्मी बरोबर आहे असे मला वाटते. मद्य मेंदूला दाबते आणि दाब उतरला की मेंदू उसळतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. सिगारेटला मात्र त्याच पंक्तीत बसवू नका. तिने मन खरोखर शांत होते. मी पंचवीस वर्षे ओढतो आहे, त्यामुळे हे मी स्वतःच्या देहावरून सांगतो. तुम्ही मद्य बंद करा आणि सिगारेट सध्या राहू द्या, कारण दोन्ही आधार एकदम काढले तर माणूस कोसळतो.

उपचारवाट

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि गेली चौदा वर्षे व्यसनमुक्ती विभागात काम करतो. रुग्ण समोर नसताना निदान करता येत नाही, म्हणून पुढील मजकूर समजून घेण्यासाठी आहे, उपचार म्हणून नव्हे.

मेंदूत चेतापेशींना आवरणारी आणि त्यांना चेतवणारी अशा दोन प्रकारच्या संदेशांचा तराजू सतत तोललेला असतो. आवरणाऱ्या बाजूला गाबा नावाचे रसायन मुख्य आहे आणि चेतवणाऱ्या बाजूला ग्लुटामेट. मद्य एकाच वेळी गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा परिणाम दडपते, म्हणजे आवरणाऱ्या पारड्यात वजन टाकते आणि दुसऱ्या पारड्यातले काढून घेते. आपले खांदे सैल पडतात ते त्यामुळे. परंतु मेंदूला तराजू एका बाजूला कललेला चालत नाही. तो चेतवणाऱ्या पारड्यात स्वतःची वजने टाकू लागतो. गाबाला प्रतिसाद देणारी स्थाने कमी संवेदनशील होतात आणि ग्लुटामेटला प्रतिसाद देणारी अधिक संवेदनशील. एखाद्या रात्रीपुरती ही भरपाई थोडी असते, पण रोज त्याच वेळी मद्य आले तर ती मुक्कामाला राहते.

आता मद्य शरीरातून निघून जाताना काय होते ते पाहावे. यकृत त्याचे वजन तासातासाने काढून घेते, पण मेंदूने समोरच्या पारड्यात टाकलेली वजने तितक्या लवकर निघत नाहीत. काही तास तराजू उलट बाजूला, म्हणजे चेतवण्याच्या बाजूला कललेला राहतो. हृदयाचे ठोके वाढतात, घाम येतो, झोप तुटते आणि कारण नसलेली भीती वाटते. ही भीती विचारातून उगवलेली नसते. शरीर आधी धडधडते आणि मन मागाहून तिला कारण शोधते, म्हणूनच काय चुकले आहे ते आपल्याला सांगता येत नाही.

पुढे लिहिण्यापूर्वी मला चार गोष्टी कळणे आवश्यक आहे. सकाळी पहिला पेग घेईपर्यंत हात थरथरतात का? दिवसा कधी प्यावे लागते का? मद्य थांबवल्यावर पूर्वी कधी फीट आली आहे का, किंवा नसलेल्या गोष्टी दिसल्या-ऐकू आल्या आहेत का? आणि आपला पेग मोजलेला आहे की अंदाजाचा?

नदीकाठ

डॉक्टरांनी विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल मला लिहिलेच पाहिजे. माझे वडील बारा-तेरा वर्षे रोज पीत असत आणि शेवटी शेवटी सकाळी उठल्यावरही घेत. एका नातेवाइकाने त्यांच्याकडून शपथ घेतली आणि त्यांनी त्याच दिवशी बाटली ओतून दिली. आम्हाला सर्वांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाचा कप तोंडाशी नेताना त्यांचा हात इतका हलत होता की बशीत चहा सांडला. मी तो फडक्याने पुसत होते, तेवढ्यात ते खुर्चीवरून खाली पडले आणि त्यांना फीट आली. दवाखान्यात सांगितले की इतक्या प्रमाणात पिणाऱ्याने एकदम थांबणे धोक्याचे असते आणि ही गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती.

रात्रप्रहर यांची परिस्थिती तशी वाटत नाही. पण हा धागा वाचून कोणीतरी आज रात्रीच सर्व बंद करील, म्हणून हे लिहिले.

उपचारवाट

नदीकाठ, आपण हे लिहिलेत हे फार चांगले केलेत. रोज पुष्कळ पिणारा माणूस अचानक थांबला तर थरथर साधारण सहा ते बारा तासांत सुरू होते, फीट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो आणि भ्रम, ताप, स्थळकाळाचे भान सुटणे अशी जिवावर बेतणारी अवस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान येऊ शकते. सकाळी थरथर असणाऱ्याने किंवा पूर्वी फीट येऊन गेलेल्याने घरी स्वतःच्या मनाने बंद करू नये. रुग्णालयात त्याला झटके टाळणारी औषधे आणि थायमिन हे जीवनसत्त्व देऊन ते दिवस सुरक्षितपणे पार पाडता येतात.

रात्रप्रहर

सकाळी हात थरथरत नाहीत, दिवसा मी कधीही घेत नाही आणि फीट वगैरे कधी आलेली नाही. प्रवासातल्या चार दिवसांतही झोप न येणे आणि चिडचिड यापलीकडे काही झाले नव्हते.

चौथ्या प्रश्नाने मात्र मला हलवले. मी नेहमीचा पेला घेतला, नेहमी जिथपर्यंत ओतते तिथपर्यंत पाणी भरले आणि ते स्वयंपाकघरातल्या मापाच्या कपात ओतून पाहिले. पाणी नव्वद मिलिलिटर भरले. विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा केले, तर पंच्याण्णव भरले. मी दीड वर्ष 'दोन पेग' म्हणत होते आणि प्रत्यक्षात साठ मिलिलिटरचे तीन घेत होते.

उपचारवाट

आपण केलेले मोजमाप फार उपयोगी आहे, कारण आता पहाटेची वेळ का येते याचा हिशेब मांडता येतो.

व्हिस्कीत साधारण ४० टक्के मद्यार्क धरू. १८० मिलिलिटरमध्ये ७२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क झाला आणि मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असल्याने त्याचे वजन सुमारे ५७ ग्रॅम भरते. यकृत ताशी साधारण सात-आठ ग्रॅम हलवते. व्यक्तीप्रमाणे हा वेग कमीजास्त असतो, पण कॉफी, पाणी किंवा थंड आंघोळ यांनी तो वाढत नाही. ५७ ग्रॅमला साडेसात तास लागतात. आपण साडेनऊला सुरुवात करत असाल तर शरीर पूर्ण मोकळे व्हायला पहाटेचे पाच वाजतात.

आपल्याला जाग साडेतीनला येते, म्हणजे मद्य संपण्याच्याही आधी. यात विसंगती नाही. उलटणारी चिंता पातळी शून्यावर येण्याची वाट पाहत नाही, पातळी उतरू लागली आणि मेंदूच्या भरपाईला पुरेनाशी झाली की ती डोके वर काढते. झोपेचेही असेच आहे. मद्याने पहिल्या अर्ध्या रात्री गाढ झोप लागते आणि स्वप्नांची झोप दबून राहते, दुसऱ्या अर्ध्या रात्री झोप उथळ होते, वरचेवर तुटते आणि दबलेली स्वप्ने दाटून येतात. आपण ज्या झोपेसाठी पेग घेता ती झोप पहिल्या चार तासांपुरतीच आहे.

एक व्यावहारिक गोष्टही यातून निघते. दहा-साडेदहाला सुरुवात झालेल्या रात्रीनंतर सकाळी सहाला गाडी चालवायला बसणाऱ्याच्या रक्तात मद्य असू शकते.

अंतर्मुख

डॉक्टरांचा हिशेब पटतो, पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट निसटते आहे. मी शाळेत असताना फळ्याजवळ बोलावले की मला चक्कर येत असे. त्या वयात ना मद्य होते ना सिगारेट. मोठेपणी पहिल्यांदा मद्य घेतले तेव्हा आयुष्यात प्रथमच चार माणसांत सहज बोलता आले आणि तो अनुभव खोटा नव्हता. 'तुमची चिंता मद्यामुळे आहे' असे म्हटले की माझ्यासारख्याला वाटते, मूळ दुखणे कोणी पाहतच नाही. मी सव्वा वर्ष मद्याला शिवलो नाही. पहाटेची धडधड गेली, हे खरे. लोकांसमोर बोलण्याची भीती जशीच्या तशी आहे.

उपचारवाट

अंतर्मुख, आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि अनेक डॉक्टरही येथे घाई करतात. लोकांसमोर वावरण्याची भीती बहुधा किशोरवयातच, मद्याच्या पुष्कळ आधी सुरू होते आणि त्या भीतीवर मद्य क्षणभर काम करते, म्हणूनच तिचा हात धरून मद्य घरात येते. त्यानंतर एका चिंतेवर दुसरी चिंता चढते. दोन्ही एकाच छातीत धडधडत असल्याने त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत.

त्या वेगळ्या करण्याचा साधा मार्ग म्हणजे वेळ देणे. मद्य थांबल्यानंतर साधारण चार आठवडे गेले की त्याच्यामुळे उद्भवलेली चिंता बहुतांश ओसरते. जी उरते ती मूळची, आणि तिच्यावर वेगळे उपचार लागतात. भीती वाटणाऱ्या प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सराव करून घेणारी समुपदेशनाची पद्धत त्यासाठी उपयोगी ठरते, काहींना औषधही लागते. आपण सव्वा वर्ष थांबला आहात, म्हणजे आपली उरलेली भीती मद्याची नाही. ती आपल्याला एकट्याने सोसत राहण्याचे कारण नाही, कृपया तिच्यासाठी तज्ज्ञांना भेटावे.

स्पष्टवक्ता

मद्याचे समजले. सिगारेटबद्दलच्या माझ्या म्हणण्याला उत्तर अजून कोणी दिलेले नाही. पहिला झुरका घेताच मन निवळते, हे लाखो लोक सांगतात. ते सगळे चुकीचे कसे असतील?

उपचारवाट

मन निवळते हे कोणीही चुकीचे सांगत नाही. प्रश्न असा आहे की ते कशामुळे ढवळले होते.

झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते. तितक्याच झपाट्याने ते उतरतेही, रक्तातली त्याची पातळी साधारण दोन तासांत निम्मी होते. नेहमी ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटीन पकडणारी स्थाने संख्येने वाढलेली असतात आणि ती रिकामी पडू लागली की चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणे सुरू होते. पुढची सिगारेट ही अस्वस्थता घालवते आणि माणूस तिला 'सिगारेटने शांत केले' असे नाव देतो. वस्तुतः तिने न ओढणाऱ्याच्या नेहमीच्या पातळीवर आणून सोडलेले असते, तेही पुढच्या तास-दोन तासांपुरते. मानसशास्त्रज्ञ अँडी पॅरट यांनी १९९९ मध्ये हाच युक्तिवाद सविस्तर मांडला होता.

शरीराच्या बाजूने पाहिले तर निकोटीन ॲड्रेनालिन वाढवते, नाडी जलद करते आणि रक्तदाब चढवते. आपण शांत झालो असे मनाला वाटत असताना हृदय धावत असते. ज्याला छातीची धडधड हेच भीतीचे निमित्त ठरते, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

स्पष्टवक्ता

आपण म्हणता ते तर्काला धरून आहे. पण सिगारेट ओढताना माणूस कामावरून उठतो, बाहेर उभा राहतो, लांब श्वास घेतो आणि सोडतो. त्याचे श्रेय आपण निकोटीनच्या खात्यातून काढून टाकले आहे.

उपचारवाट

आपला हा मुद्दा योग्य आहे आणि मी तो सोडायला नको होता. पाच मिनिटे उठणे आणि श्वास सावकाश सोडणे यांचा शांत करणारा परिणाम खरा आहे. फक्त त्यासाठी पेटलेली सिगारेट लागत नाही.

रात्रप्रहर

मी आज दुपारी मोजून पाहिले. शेवटच्या सिगारेटला दोन तास झाले होते आणि बोटे खिशाकडे जात होती. मनगटावर दोन बोटे ठेवून घड्याळात पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली, ती ७८ भरली. सिगारेट ओढून दहा मिनिटांनी पुन्हा मोजली तर ९३. त्याच क्षणी मला कोणी विचारले असते तर मी शपथेवर सांगितले असते की मी आता शांत आहे.

मग पहाटेचा हिशेबही मीच मांडला. शेवटची सिगारेट सव्वाअकराला. साडेतीनपर्यंत सव्वाचार तास, म्हणजे निकोटीन चौथ्या हिश्श्यावर. मद्य उतरते आहे आणि निकोटीनही उतरले आहे, असे दोन्ही एकाच वेळी होते का?

उपचारवाट

होय. शिवाय मद्य घेताना माणूस अधिक सिगारेटी ओढतो, त्यामुळे निकोटीन जास्त उंचीवरून खाली येते. पहाटे गॅलरीत ओढलेल्या सिगारेटने दोहोंपैकी एकच अस्वस्थता मिटते आणि त्याच वेळी नाडी आणखी वाढते, म्हणून आपल्याला 'जरा बरे' वाटते पण झोप येत नाही.

धूरमुक्त

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो कोणाच्या तरी कामी येईल. मी तीन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली. पहिला आठवडा कठीण गेला, पण त्याची तयारी होती. विचित्र गोष्ट अशी की दहा दिवसांनंतरही हात हलत, छाती धडधडे आणि रात्री एक-दोनपर्यंत डोळा लागत नसे. मी ठरवून टाकले होते की सिगारेट हीच माझ्या चिंतेवरचे औषध होती आणि आता पुन्हा सुरू करावी. एका डॉक्टरबाईंनी मला फक्त एवढेच विचारले की दिवसाला कॉफी किती घेता. पाच मग घेत होतो. त्या म्हणाल्या की सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॉफीचा निचरा लवकर करते आणि धूर थांबला की तीच कॉफी शरीरात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहते. मी पाचाचे दोन मग केले आणि चार दिवसांत धडधड गेली. सिगारेटला हात लावावा लागला नाही.

उपचारवाट

धूरमुक्त यांचे निरीक्षण अचूक आहे. धुरातले काही घटक यकृतातील एका विकराला कामाला लावतात आणि कॅफीन त्याच विकराच्या हातून जाते. सिगारेट सुटल्यावर कॅफीनची पातळी दुपटीच्या आसपास जाऊ शकते. हे काम निकोटीनचे नसून धुराचे आहे, त्यामुळे निकोटीनचा पॅच लावला तरी हा बदल होतोच. ओलांझेपिन किंवा क्लोझापिन घेणाऱ्यांनी सिगारेट सोडण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण त्या औषधांची पातळीही अशीच वाढते.

सिगारेट सोडल्यावरची अस्वस्थता पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. त्यापुढे काय होते, याविषयी २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. सोडणाऱ्यांची चिंता आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे त्यात आढळले. हे अभ्यास निरीक्षणाचे होते, त्यामुळे सोडणे हेच सुधारणेचे एकमेव कारण असे छातीठोक म्हणता येणार नाही. पण सोडल्याने चिंता कायमची वाढते, या समजाला त्यात आधार मिळत नाही.

काळजीवाहू

मी आधी प्रश्न नीट वाचला नव्हता, त्याबद्दल दिलगीर आहे. माझ्या मेहुण्यांना झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी दिलेली आहे आणि त्यांना छान झोप लागते. रात्रप्रहर ताईंनी पेगऐवजी ती घेतली तर चालेल का?

उपचारवाट

कृपया कोणाचीही गोळी कोणी घेऊ नये. अल्प्राझोलाम त्याच गाबाच्या पारड्यात वजन टाकते. तिचा परिणामही काही तासांत उतरतो, तिचीही सवय लागते आणि तीही उलटते. मद्य पोटात असताना ती घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. रुग्णालयात याच गटातल्या औषधांनी आम्ही मद्य सोडवतो हे खरे, पण ते मोजून, देखरेखीखाली आणि ठरलेल्या दिवसांत कमी करत नेऊन.

रात्रप्रहर

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. मी एका मानसोपचारतज्ज्ञांना भेटले. सकाळची थरथर नसल्याने त्यांनी मला घरीच, दर चार दिवसांनी मापाच्या कपाने पाऊण करत, मद्य कमी करायला सांगितले, आणि घाम, थरथर किंवा उलट्या सुरू झाल्या तर तिथेच थांबून कळवायचे असे ठरले. १८० चे १३५, मग १००, मग ७५ आणि ५५ असे करत सतराव्या दिवशी मी थांबले. सिगारेटी सध्या सहावर आहेत. दोन्ही एकदम सोडायचे की एकामागून एक, यावर त्यांनी निवड माझ्यावर सोडली.

मी उशाशी वही ठेवली होती. जाग आली की दिवा न लावता, आंधळेपणाने वेळ आणि भीतीला शून्य ते दहापैकी एक आकडा लिहायचा, असा नियम केला. पहिल्या आठवड्यात ३.२०, ३.४०, ३.२५ असेच आकडे आहेत आणि पुढे आठ, आठ, नऊ. पूर्ण थांबल्यानंतरच्या तीन रात्री सर्वांत वाईट होत्या. एक वाजेपर्यंत झोपच लागली नाही आणि 'हे सगळे चुकीचे आहे, माझी चिंता मुळातलीच आहे' असे वहीत एका जागी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेले आहे. त्याच्या पुढच्या आठवड्यात जाग पाचला येऊ लागली आणि आकडे तीन-चारवर आले. परवा पहाटे जाग आली, पाणी प्यायले आणि पुन्हा झोपले. वहीत त्या दिवशीची वेळच नाही, कारण लिहिण्याआधीच झोप लागली.

बैठकीची भीती मात्र आहे. काल आकडे मांडताना आवाज कापला. फरक इतकाच की ती संध्याकाळी सुरू होते आणि बैठक संपली की संपते, पहाटेपर्यंत माझ्या मागे येत नाही.

अंतर्मुख

वही दिवा न लावता लिहायची, हे मला आवडले. माझी तज्ज्ञांशी पहिली भेट पुढच्या मंगळवारी आहे. बैठकीपूर्वीच्या एक तासात तुम्ही सध्या काय करता, हे लिहाल का? मी त्या तासात अजूनही बाथरूममध्ये उभा असतो.

रात्रप्रहर

अंतर्मुख, मीही बराच वेळ तिथेच असते. काल पहिले वाक्य तेवढे मोठ्याने पाच वेळा म्हटले आणि खाली जाऊन सिगारेट न पेटवता पाच मिनिटे उभी राहिले. आवाज पहिल्या वाक्याला कापला नाही, दुसऱ्याला कापला. पुढच्या वेळी दोन वाक्ये म्हणून पाहणार आहे.